तीस दिवसांनी आठवण आली, आणि मी घेऊनच टाकलं

प्रश्न : मी ठाण्यात राहते, नोकरीसाठी रोज लोकलने दादरला जाते. ऑनलाइन खरेदी हाताबाहेर जायला लागली म्हणून चार महिन्यांपूर्वी एक नियम केला. काही घ्यावंसं वाटलं की लगेच घ्यायचं नाही, मोबाइलमध्ये तीस दिवसांनंतरचं रिमाइंडर लावायचं. आतापर्यंत सहा वस्तू लावल्या. फूट मसाजर आणि कॉफी मशीन नको वाटलं. पण एअर फ्रायर, कपड्यांचा स्टीमर, इअरफोन आणि एक चंदेरी साडी रिमाइंडर वाजल्यावर घेतली. गंमत म्हणजे फ्रायर आणि स्टीमर मी पूर्ण विसरले होते, रिमाइंडरनेच आठवण करून दिली! आता फ्रायर माळ्यावर आहे. इअरफोन तर थांबल्यामुळे ७०० रुपये महाग पडले. नवरा म्हणतो, 'तुझा नियम म्हणजे तीस दिवस उशिराची खरेदी.' सध्या यादीत २४ हजारांची ट्रेडमिल आहे, बिनव्याजी हप्त्यावर. डॉक्टरांनी साखर सीमेवर आहे, रोज अर्धा तास चाला, असं सांगितलंय. थांबू की घेऊ? आणि हा नियम चालू ठेवू की सोडून देऊ?
— एक वाचक, ठाणे

उत्तर :

तुमच्या रिमाइंडरवर नेमकं काय लिहिलेलं असतं? पत्रात ते नाही, पण माझा अंदाज आहे: 'एअर फ्रायर', आणि खाली दुकानाची लिंक. अंदाज बरोबर असेल तर तुम्ही स्वतःच स्वतःला जाहिरात पाठवली. तीस दिवसांत एक इच्छा आपोआप विझली होती. तिच्यावर फुंकर घालून तुम्ही ती पेटवलीत, वर लिंकही जोडून दिलीत. त्यात मनाचा एक हिशेब असतो: 'महिनाभर थांबले, आता तरी घेऊ दे.' थांबणं ही किंमत आणि वस्तू हे बक्षीस, असं होऊन बसतं. यजमानांचा टोमणा तेवढ्यापुरता खरा आहे.

नियम सोडू नका, रिमाइंडरचा मजकूर बदला. तीस दिवसांनी समोर वस्तूचं नाव येण्याऐवजी एक प्रश्न यायला हवा: 'गेल्या महिन्यात हिच्यावाचून किती वेळा अडलं?'

आठवणं आणि अडणं यांत फरक आहे. आठवण बाहेरूनही येते. एखादी वस्तू एकदा बघितली की तिच्या जाहिराती पुढचे पंधरा दिवस फोनभर मागे लागतात. कार्टमध्ये ठेवलीत तर 'तुमची वस्तू वाट बघतेय' येतं, विशलिस्टमध्ये टाकलीत तर भाव पाच टक्के उतरल्याची घंटा वाजते. मग तिसाव्या दिवशी तुम्ही म्हणता, 'बघा, महिनाभर डोक्यात होती, म्हणजे खरंच हवी आहे.' डोक्यात ती कुणी ठेवली होती हे विचारायचं राहून जातं. अडणं मात्र घरातच होतं. हातातलं काम थांबतं, वेळ जास्त जातो, कुणाकडून उसनं आणावं लागतं. त्याची मोजणी करता येते.

माझ्याच घरातल्या दोन गोष्टी सांगते. मैत्रिणीकडे डोसे खाऊन आले आणि त्याच रात्री दगडी वेट ग्राइंडर बघत बसले, ५,२०० रुपयांचा. कारण खरं होतं. मिक्सरमध्ये पीठ गरम होतं, दगडात वाटलेलं हलकं होतं. यादीत लिहिलं आणि फ्रिजच्या बाजूला एक कागद चिकटवला, 'डोसा: अडलं की एक रेघ.' महिन्यात तांदूळ-उडीद दोनदाच भिजले. दोन्ही वेळा बर्फाचं पाणी घालून, मिक्सर थांबवत थांबवत वाटलं. पीठ ठीक फुगलं, मैत्रिणीसारखं नाही, पण चारचौघांत खाऊ घालण्याजोगं. रेघा दोन. ग्राइंडर आला नाही. त्याच कागदावर दुसरी ओळ होती, 'छोटा कुकर, दोन लिटरचा.' आम्ही दोघंच घरी, आणि वाटीभर भातासाठी पाच लिटरचा धूड चढवायचे. तिथे महिन्यात एकोणीस रेघा पडल्या. तो मी एकतिसाव्या दिवशी दुकानात जाऊन आणला, कंपनी कुठली याचा फार विचारही केला नाही. गंमत अशी की ग्राइंडरचं मला रोज आठवत होतं आणि कुकरचं एकदाही नाही. माझा नियम फक्त आठवणीवर चालला असता तर उलट खरेदी झाली असती.

तुमच्या फ्रायरला हीच फूटपट्टी लावा. एअर फ्रायर म्हणजे जोरदार पंखा असलेली छोटी भट्टी. घरात पंखा असलेला ओव्हन असेल तर त्यात आणि फ्रायरमध्ये मुख्य फरक आकाराचा आणि तापायला लागणाऱ्या वेळाचा. विकत घेण्याआधीच्या महिन्यात तुम्ही किती वेळा काही तळायचं टाळलंत किंवा तळलंत? आठवड्याला तीनदा असेल तर रेघा पडल्याच असत्या. महिन्यातून दोनदा भजी होत असतील तर कढई पुरेशी होती, आणि माळ्यावर गेलेली पेटी तेच सांगतेय.

आता रिमाइंडर लावायचं कसं. मोबाइलच्या कॅलेंडरमधलं चालतं, पण माझ्या अनुभवात सगळ्यात चांगलं म्हणजे स्वतःलाच एक ईमेल लिहून तो तीस दिवसांनी येईल असा ठेवणं. जीमेलमध्ये ही सोय आहे. मेल लिहिल्यावर वरचे तीन ठिपके दाबा, Schedule send निवडा, मग Pick date & time. कॉम्प्युटरवर Send शेजारच्या बारक्या बाणात तीच सोय सापडते. ईमेल यासाठी की त्यात त्या रात्रीची तुम्ही चार वाक्यांत मावता. हवं वाटत असतानाच लिहा: ही वस्तू घेऊन मी नेमकं काय करणार, आत्ता ते काम कसं होतंय, पूर्ण किंमत किती, पैसे कुठल्या खर्चातून काढणार. लिंक नाही, फोटो नाही, कंपनीचं नावही नाही. 'कपड्यांचा स्टीमर' एवढं पुरे. घ्यायचंच ठरलं तर शोधायला पाच मिनिटं लागतील, आणि ती पाच मिनिटं लागलेली बरीच.

मेलचा विषय असा लिहा: 'उघडण्याआधी सांग, महिन्यापूर्वी काय हवं होतं?' मेल न उघडता वस्तू आठवून बघा. अजिबातच आठवली नाही आणि कागदावर तिच्या रेघाही नसल्या तर उघडायचंही कारण नाही, तसाच काढून टाका. स्टीमर आणि फ्रायर इथेच संपले असते, दोन्हींचे पैसे वाचले असते. आठवली किंवा रेघा दिसल्या तर उघडा, आणि मग रेघा मोजा.

दिवस कुठला निवडायचा हेही बघा. तीस दिवस म्हणजे चार आठवडे आणि वर दोन दिवस. शनिवारी रात्री हवीशी वाटलेली वस्तू सोमवारी येऊन उभी राहते, तुम्ही लोकलमध्ये लटकत असताना, आणि तेव्हा 'हो' म्हणायला अंगठा पुरतो. दुसरं असं की एका महिन्याच्या एक तारखेला वाटलेलं बहुतेक त्याच महिन्याच्या अखेरीला किंवा पुढच्या महिन्याच्या एक तारखेला परत येतं. पगार झालेला असतो, खात्यात रक्कम गुबगुबीत दिसते. पगाराच्या दिवशी सुचलेली खरेदी बरोबर पुढच्या पगाराच्या दिवशी दार वाजवते. म्हणून मी नेमका तिसावा दिवस धरत नाही, त्यानंतरचा पहिला रविवार धरते, सकाळी दहाची वेळ. आणि तो रविवार पगाराच्या आसपासचा निघाला तर त्याच्या पुढचा.

यादी गूगल शीटमध्ये ठेवत असाल तर पहिल्या रकान्यात तारीख लिहा आणि 'परत कधी' या रकान्यात हे सूत्र टाका. तिसावा दिवस रविवारच असेल तर तोच, नाहीतर त्यानंतरचा पहिला रविवार ते आपोआप काढतं:

```
=A2+30+MOD(8-WEEKDAY(A2+30),7)
```

उत्तर म्हणून नुसता आकडाच दिसला तर त्या रकान्याला तारखेचं रूप द्यायचं राहिलंय. आणि शीट स्वतःहून वाजत नाही, हे लक्षात ठेवा. ती फक्त तारीख सांगते, मेल तुम्हालाच लावावा लागतो.

त्या तीस दिवसांत बाहेरची घंटा बंद करायची. वस्तू कार्टमधून काढा, विशलिस्टमधून काढा, 'नंतरसाठी ठेवा' मधूनही काढा. फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन खरेदीच्या अ‍ॅपच्या सूचना थांबवा. आधी मागवलेल्या वस्तू कुठवर आल्या ते अ‍ॅप उघडून बघता येतं, त्यासाठी दिवसभर टिंगटिंग लागत नाही. हे केलं नाहीत तर तुमचं एक रिमाइंडर आणि दुकानाची वीस, असा सामना होतो.

इअरफोनचे ७०० रुपये तुम्हाला बोचताहेत, साहजिक आहे. पण त्याच चार महिन्यांत मसाजर आणि कॉफी मशीन आली नाहीत. त्यांच्या किमती तुम्ही लिहिल्या नाहीत, पण दोन्ही मिळून ७०० च्या कितीतरी पुढे जातात. थांबण्याची फी कधीकधी द्यावी लागते. ती कमी करायची असेल तर युक्ती उलटी आहे: यादी सेलच्या आधी तयार ठेवा. मोठे सेल दसरा-दिवाळीच्या तोंडावर येतात, दरवर्षी येतात. ऑगस्टमध्ये यादीत टाकलेल्या वस्तूचे तीस दिवस तोवर संपलेले असतात, रेघाही मोजून झालेल्या असतात. सेलमध्ये तुम्ही फक्त भाव बघायला जाता. सेलच्या रात्री पहिल्यांदा दिसलेली वस्तू मात्र त्या सेलमध्ये घ्यायची नाही. इथे मी स्वतः दोनदा घसरले आहे, म्हणून ठासून सांगते.

'फक्त २ शिल्लक' आणि उलटं मोजणारं घड्याळ दिसलं की हात थरथरतो ना? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये अशा १३ फसव्या पद्धतींची यादी काढून त्यांना मनाई केली, आणि खोटी घाई दाखवणं ही त्यातली एक आहे. खोटेपणा पकडलात तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार करता येते. पण तक्रारीपेक्षा आधी एक करून बघा: तेच पान दोन दिवसांनी उघडा. बऱ्याचदा ते 'दोन' अजून दोनच असतात.

साडीचं काय? तिला रेघांचा नियम लावू नका. चंदेरीवाचून कुणाचं अडत नाही, ती हौस आहे, आणि हौसेला कारण द्यावं लागत असेल तर त्या घरात काहीतरी बिघडलंय. हौसेच्या वस्तूला तीस दिवस वेगळ्या कामासाठी द्यायचे: पैसे साठवायला. समजा साडी ४,८०० ची आहे. म्हणजे रोजचे १६० रुपये वेगळ्या खात्यात किंवा सरळ डब्यात. महिन्याने डबा भरला तर साडी घ्या, कुणाला विचारू नका. डबा अर्धाच भरला तर साडीवर राग नाही, आणखी एक महिना. मेलमध्ये फक्त एवढंच लिहायचं: 'डब्यात किती?'

आणि ट्रेडमिल. हा तुमच्या यादीतला वेगळा प्रकार आहे, कारण इथे गरज खरी आहे, पण गरज आहे ती चालण्याची. डॉक्टरांनी अर्धा तास चालायला सांगितलंय, मशीन घ्यायला नाही. म्हणून इथे थांबण्याचा अर्थ चालणं लांबवणं असा घेतलात तर माझ्या सदराचा तुमच्या साखरेला अपाय होईल. उद्यापासून चाला. सोसायटीच्या आवारात, गच्चीवर, तलावपाळीला, जमेल तिथे. आणि रोज रात्री कागदावर दोनच गोष्टी लिहा: चालले की नाही, आणि नाही तर का नाही.

उत्तर त्या 'का नाही'मध्येच दडलेलं आहे. समजा तीस दिवसांत तुमचे बारा दिवस बुडाले. त्यातले नऊ दिवस पाऊस, अंधार, रस्त्यावरचे कुत्रे, रात्री एकटीला बाहेर पडायची भीती, असे असतील तर ट्रेडमिल ही अडचण सोडवते. घेण्यात अर्थ आहे. पण नऊ दिवस 'गाडी लेट', 'थकले', 'कंटाळा' असं लिहिलेलं असेल तर मशीन घरात असूनही तुम्ही थकलेल्याच असणार. मग उत्तर दादर स्टेशनपासून ऑफिसपर्यंत पायी जाण्यात किंवा जेवणाच्या सुट्टीतल्या पंधरा मिनिटांत शोधा. आणि बुडालेले दिवस दोन-तीनच असतील तर मशीनची गरजच पडली नाही, तुम्ही चालायला लागलात.

त्याच महिन्यात आणखी एक करा. घरी वापरायची ट्रेडमिल साधारण साडेपाच फूट लांब आणि अडीच फूट रुंद असते. शिवाय पट्ट्यावरून पाय निसटला तर मागे आपटू नये म्हणून मागची जागा मोकळी ठेवावी लागते. कंपनीच्या पुस्तिकेत ती किती सांगितलीय ते बघा. मग जिथे ठेवायचं मनात आहे तिथे फरशीवर रंगीत चिकटपट्टीने तेवढा चौकोन आखा आणि आठ दिवस त्याच्यात पाऊल न टाकता घरात वावरा. कपाटाचं दार उघडतं का, केर काढता येतो का, पाहुणा आला की गादी कुठे पडते. घडी होणाऱ्या मशीनवर 'फोल्डेबल' लिहिलेलं असतं, पण रोज अर्धा क्विंटलच्या आसपासचं धूड उभं-आडवं कोण करणार हे तिथे लिहिलेलं नसतं. खालच्या मजल्यावरच्यांना सकाळी साडेपाचचा धपधप आवाज चालेल का, हेही चौकोन आखतानाच विचारून या.

हप्त्यांबद्दल. समजा हप्ते सहा आहेत. मेलमध्ये '४,००० रुपये महिना' असं लिहू नका, '२४,०००' लिहा. बिनव्याजी हप्त्यात बँक व्याज घेतेच. दुकान तेवढी रक्कम किमतीतून आधी वजा करतं म्हणून ते दिसत नाही. व्याजावरचा १८ टक्के जीएसटी मात्र सहसा तुमच्याच माथी येतो, आणि बऱ्याच बँका वर प्रोसेसिंग फी लावतात. १६ टक्के दर धरला तर सहा महिन्यांच्या २४ हजारांत व्याज होतं साधारण १,०८० रुपये, त्यावरचा जीएसटी १९५ च्या आसपास. फी १९९ धरली तर करासह २३५. म्हणजे 'बिनखर्चाच्या' हप्त्याचे चारशे-साडेचारशे. बुडवणारी रक्कम नाही, पण माझा आक्षेप वेगळाच आहे: हप्ता दिसला की तीस दिवस थांबायचं कारणच उरत नाही. चार हजार तर काय, एका सिलिंडर-किराण्याएवढे वाटतात. एकदम देण्याएवढे पैसे आज हाताशी नसतील तर तीन महिने आठ-आठ हजार बाजूला टाका. तोवर चालण्याचा कागदही मोठा होईल. आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकदा विचारा, कुणाची जुनी ट्रेडमिल विकायची आहे का. ज्या वेगाने उत्तरं येतील त्यावरून बरंच कळेल.

दोन गळक्या जागा सांगायच्या राहिल्या. पहिली 'बघू'. मेल आला, रेघा ना कमी ना जास्त, आणि आपण पुढे ढकलतो. एकदा ढकला, पूर्ण तीस दिवस, आणि तेव्हाही कारण नव्याने लिहा. जुना मेल नुसता पुढे सरकवत राहिलात तर तो कधीतरी थकलेल्या संध्याकाळी येऊन जिंकतो. दुसरी, नाही म्हटलेल्या वस्तू पुसून टाकणं. पुसू नका, 'नाही' आणि तारीख लिहून ठेवा. तुमची कॉफी मशीन तीन महिन्यांनी दुसऱ्या रंगात, दुसऱ्या नावाने परत येणारच आहे. त्या वेळी आधीची नोंद दिसली की बरं पडतं. तीनदा परत आली आणि तिन्हीदा रेघा भरपूर असल्या तर घ्या.

नियमात काय बसवायचं नाही, तेही थोडक्यात. फुटलेला गॅसचा पाइप, मुलाचे शाळेचे बूट, बंद पडलेला फ्रिज, चष्म्याचा वाढलेला नंबर. यांना तीस दिवस लावणारी एक बाई मला माहीत आहे. तिच्या घरी पावसाळाभर दूध नासत होतं.

यजमानांना या यादीचा न्यायाधीश करू नका, त्यांनी विचारलं तरी. त्यांची स्वतःची यादी मात्र शेजारी सुरू करायला सांगा. पुरुषांच्या याद्यांत ड्रिल मशीन हटकून असतं.

तर आजच्या मेलचा मजकूर असा ठेवा: 'तीस दिवसांत किती दिवस चालले? बुडाले ते का? चौकोन अजून फरशीवर आहे का? २४,००० कुठून?' आलेलं उत्तर मला कळवा. तुमच्या कागदावर 'पाऊस' किती वेळा आलाय आणि 'कंटाळा' किती वेळा, हे वाचायची मला खरंच उत्सुकता आहे.